लोटस ४९ मॉन्झावर: ब्रेक मारताना मागची बाजू सुटते, दोष बायसचा की गिअरचा?

प्रश्न: असेटो कोर्सा या रेसिंग सिम्युलेटरमध्ये लोटस ४९ घेऊन मॉन्झाच्या १९६६ च्या ट्रॅकवर, बँकिंगशिवायच्या रोड लेआउटवर चालवतो. सरळ रस्ता संपायच्या बराच आधी पाचव्या गिअरमध्ये इंजिन ९००० पार करतं. पॅराबोलिकाला ब्रेक मारला की मागची बाजू सुटते, म्हणून बायस पुढे पुढे नेत गेलो. आता पुढची चाकं लॉक होतात आणि तरीही मधूनच मागची बाजू सुटतेच. पाच-सहा लॅपनंतर मागचे टायर बर्फावर असल्यासारखे वाटतात. ९००० आरपीएमला माझे वेग असे आहेत: दुसरा १२५, तिसरा १६५, चौथा २१५, पाचवा २७०. हील-टो करतो, एच-शिफ्टर आहे. आधी काय बदलू?

उत्तर:

आधी गिअर बदला, त्यातही तिसरा. बायस, म्हणजे ब्रेकच्या जोराची पुढच्या आणि मागच्या चाकांमधली वाटणी, मूळ जागी परत न्या आणि तूर्त त्याला हात लावू नका. तुम्ही ज्याला ब्रेकचा दोष समजताय तो बहुतेक तिसऱ्या गिअरचा आहे. मागचे टायर तापण्यामागेही त्याचा हात आहे.

या गाडीला पंख नाहीत. लोटस ४९ पहिल्यांदा धावली १९६७ च्या डच ग्रां प्रीमध्ये, झांडवूर्टला, आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये पंखांचा जमाना यायचा होता. पंखांच्या गाडीत वेग जास्त असताना चाकांवर जास्त भार असतो आणि वेग उतरतो तसा तो कमी होतो, त्यामुळे ब्रेकच्या सुरुवातीला योग्य असलेला बायस शेवटी चुकीचा ठरू शकतो. इथे ती भानगडच नाही. ब्रेक मारल्यावर पुढे किती वजन येणार हे फक्त गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि टायरची पकड यांवर ठरतं. म्हणजे २६० च्या वेगाला जो बायस बरोबर आहे, तोच १६० लाही जवळपास बरोबर असतो.

आता तुमची तक्रार या अंगाने तपासा. मागची बाजू ब्रेक दाबल्या दाबल्या, गाडी पाचव्यात सरळ असतानाच सुटते का? तसं असेल तर दोष बायसचा किंवा मागच्या टायरच्या दाबाचा. पण सुरुवात ठीक आणि शेवटी, खाली गिअर टाकताना सुटत असेल, तर बायस निर्दोष आहे. तुम्ही "मधूनच" लिहिलंय, तो शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बायस चुकला असेल तर गाडी दर वेळी सारखंच वागते. मधूनच होणारी गोष्ट पायाच्या किंवा गिअरच्या वेळेवर अवलंबून असते.

खात्री करायची एक सोपी चाचणी आहे. रिकाम्या ट्रॅकवर पिटसमोरच्या सरळ रस्त्यावर २५० पर्यंत जा, क्लच पूर्ण दाबा आणि गिअर न बदलता सरळ रेषेत जोरात ब्रेक मारा. क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिन मागच्या चाकांपासून सुटं असतं आणि तुम्हाला निव्वळ ब्रेकचा समतोल दिसतो. मूळ बायसवर गाडी सरळ थांबली, तर पॅराबोलिकाला मागून खेचणारा ब्रेक नसून इंजिन आहे.

तिसरा गिअर काय करतोय

तुमचा तिसरा ९००० ला १६५ देतो. पॅराबोलिकाच्या आत शिरताना वेग १५५ च्या आसपास असेल असं धरू, तुमचा नेमका आकडा रिप्लेमधून घ्या. त्या वेगाला तिसऱ्यात इंजिन साधारण ८४५० वर असतं. पण तिसरा तुम्ही कोपऱ्यात शिरल्यावर टाकत नाही, त्याआधी ब्रेक मारता मारता टाकता. समजा १८० ला टाकलात, तर इंजिनला ९८०० च्या वर जावं लागेल. ब्लिप करून, म्हणजे गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला क्षणभर झटका देऊन, तिथे पोचणं अवघड, कारण तुमचा पाय एवढी उसळी देतच नाही. मग उरलेला फरक मागची चाकं भरून काढतात: क्लच सोडताच तीच इंजिनला ओढून फिरवतात आणि तेवढा क्षण ती स्वतः हळू होतात. मागच्या चाकांना हा जादा ब्रेकच झाला, तोही अशा वेळी जेव्हा वजन पुढे गेलेलं असतं आणि स्टिअरिंग वळायला लागलेलं असतं. ज्या लॅपला ब्लिप चांगला बसतो किंवा गिअर जरा उशिरा पडतो त्या लॅपला काही होत नाही. म्हणून "मधूनच".

शिवाय मेकॅनिकल डॅमेज चालू असेल तर असं ओव्हर-रेव्ह इंजिनलाही खातं. सुरुवातीच्या लॅपपेक्षा सरळ रस्त्यावर गाडी मंद वाटत असेल तर एकदा डॅमेजकडे बघा.

आता बायस पुढे नेल्यावर काय झालं ते बघा. इंजिनची ओढ तिथल्या तिथेच राहिली. तुम्ही मागचा ब्रेक कमी केलात, त्यामुळे सरळ ब्रेकिंगमध्ये पुढची चाकं जास्त काम करून लॉक व्हायला लागली, आणि शेवटच्या क्षणी इंजिनचा धक्का मागे बसतच राहिला. दोन उलट तक्रारी एकाच वेळी येण्याचं कारण हे.

गिअर कसे लावायचे

वरून सुरुवात करा. पाचवा असा हवा की एकट्याने धावताना सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन ८७०० ते ८८०० वर असेल. या गाडीच्या डीएफव्ही इंजिनची ताकद ९००० च्या आसपास कळसाला पोचते, मग वरचे दोनशे-तीनशे का सोडायचे? कारण मॉन्झा. या जुन्या ट्रॅकवर शिकेन नाहीत आणि शर्यत स्लिपस्ट्रीमवर चालते. पुढच्या गाडीच्या मागे लागलात की दहा किलोमीटर जादा वेग सहज मिळतो. पाचवा ९००० ला २८७ देत असेल तर दर किलोमीटरला सुमारे ३१ आरपीएम, म्हणजे दहा किलोमीटरला ३१० पडतात. एकट्याने ८७५० वर असाल तर स्लिपस्ट्रीममध्ये ९०६० होतात, जे चालतं. एकट्यानेच ९००० वर असाल तर ओव्हरटेक करायच्या नेमक्या वेळी गाडी आवाज करत जागच्या जागी अडते.

तुमच्या २७० वरून २८७ हे अंदाजे सहा टक्के लांब झालं. रेशो काढायचं सूत्र:

```
नवा रेशो = जुना रेशो × (जुना वेग ÷ नवा वेग)
```

पाचव्यासाठी २७० भागिले २८७, म्हणजे ०.९४. जुन्या रेशोला ०.९४ ने गुणा आणि सेटअपच्या यादीत जवळचा जो मिळेल तो घ्या. नेमका तोच मिळणार नाही, दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे झाले तर हरकत नाही. मग तीन लॅप टाका. पाचव्यात ८५०० च्या पुढे जातच नसेल तर लांब झालाय, एक पायरी परत या.

आता खालचे. डीएफव्हीच्या सुरुवातीच्या इंजिनांची एक खोड प्रसिद्ध आहे: साधारण ६५०० च्या खाली इंजिन मलूल असतं आणि त्याच्या वर ताकद अचानक येते. म्हणून वरचा गिअर टाकल्यावर आरपीएम ७००० च्या खाली जाऊ नयेत, आणि कोपऱ्यातून बाहेर पडताना ६५०० च्या उंबरठ्यावर असू नये. त्या उंबरठ्यावर ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं क्षणभर काही करत नाहीत आणि मग एकदम सुटतात.

मी तिसरा १९० ला, चौथा २३५ ला नेईन. ९००० वर चौथा टाकल्यावर इंजिन ७२७५ च्या आसपास उतरतं आणि पाचवा टाकल्यावर ७३७० च्या आसपास. दोन्ही ताकदीच्या पट्ट्यात. वर जाऊ तशा उड्या किंचित लहान ठेवायच्या, कारण वेगाबरोबर हवेचा विरोध वाढतो आणि पाचव्यात गाडीकडे शिल्लक ताकद फार थोडी असते.

या तिसऱ्याने पॅराबोलिकाला काय बदललं ते बघा. १८० ला तिसरा टाकला तर इंजिन आता ८५०० वर जातं, ९८०० वर नाही. ब्लिप पुरतो. कोपऱ्यात १५५ ला इंजिन ७३५० च्या जवळ असतं. तिथून ॲक्सिलरेटर हळूहळू उघडता येतो, आणि बाहेर पडताना चौथा लगेच टाकावा लागत नाही. जुन्या तिसऱ्यात तुम्हाला वळणाच्या ऐन मध्यावर गिअर बदलावा लागत असणार.

दुसऱ्याचं काय? तिसऱ्यात ६५०० म्हणजे १३७ किलोमीटर. लेस्मोच्या दोन्ही वळणांना तुम्ही त्याच्या वर राहात असाल तर दुसरा पूर्ण लॅपमध्ये लागतच नाही. तो १४८ ला ठेवा, म्हणजे तिसऱ्यात जाताना ७०१० मिळतात. पहिला फक्त सुरुवातीसाठी, १०५ च्या आसपास चालेल. पहिल्यातून दुसऱ्यात आरपीएम ६४०० च्या खाली जातील, पण ते एकदाच होतं. पहिल्या गिअरवर तासभर घालवणारे लोक मी बघितलेत, मॉन्झावर तो वेळ वाया जातो.

फायनल ड्राइव्ह बदलून एका झटक्यात सगळं लांब करण्याचा मोह होईल. तसं केलंत तर पाचवा २८७ वर येतो, पण तिसरा फक्त १७५ वर जातो आणि १८० ला टाकल्यावर इंजिन अजूनही ९२५० मागतं. मूळ दुखणं उरतंच. फायनल ड्राइव्ह हे गिअरांमधले अंतर जुळल्यानंतर वापरायचं हत्यार आहे.

खऱ्या गाडीत हे स्वातंत्र्य नव्हतं, हे जाता जाता सांगतो. १९६७ मध्ये तिला झेडएफचा गिअरबॉक्स होता आणि त्याचे रेशो ट्रॅकवर पटकन बदलता येत नसत. नंतर हिउलँडचा गिअरबॉक्स आला तो यामुळेही सोयीचा ठरला. आपण माउसच्या एका क्लिकवर करतो ते काम तेव्हाच्या मेकॅनिकला रात्रभर पुरलं असतं.

मग टायरचा दाब

गिअर लागल्यावरच दाबाकडे या, कारण चुकीच्या गिअरने मागचे टायर घसरत असतील तर मोजलेला प्रत्येक आकडा खोटा असतो. घसरलेला टायर तापतो, तापला की आतली हवा फुगते, दाब वाढून जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, आणि टायर आणखी घसरतो. तुमचा "बर्फ" हाच असावा.

सेटअपमध्ये तुम्ही टाकता तो थंड दाब, आणि पकड ठरते गरम दाबावर. आदर्श गरम दाब गाडीच्या टायरच्या फाइलमध्ये `PRESSURE_IDEAL` या नावाने असतो, काही टायर ॲप तो पडद्यावरही दाखवतात. पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही बघा. त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पकड कमी होते. दोन्ही बाजूंचा फरक मात्र हाताला वेगळा लागतो: जास्त दाबाचा टायर अचानक सुटतो, कमी दाबाचा आळशी वाटतो आणि सरळ रस्त्यावर थोडा वेग खातो.

उदाहरण म्हणून आदर्श २६ पीएसआय धरू. तुम्ही मागे २० टाकून सहा लॅप केलेत आणि मागचा डावा २८ दाखवतोय. हवेचा हिशेब गेज दाबावर होत नाही, त्यात वातावरणाचे १४.७ मिळवावे लागतात. २० चे झाले ३४.७, २८ चे ४२.७, म्हणजे १.२३ पट. हवे आहेत २६, म्हणजे ४०.७. त्याला १.२३ ने भागलं की ३३.१ येतात, त्यातून १४.७ वजा केले की १८.४. म्हणून १८ टाका. गरम दाब साधारण २५.५ येईल. थोडक्यात, गरम दाब दोनाने उतरवायला थंड दाब दीडच्या आसपास उतरवावा लागतो, पूर्ण दोन नाही. सिम्युलेटरचा हिशेब अगदी असाच असेल असं नाही, म्हणून आकडा टाकून पुन्हा सहा लॅप करा आणि पडद्यावर काय येतं ते बघा.

डाव्या आणि उजव्या बाजूचा आकडा सारखा ठेवू नका. मॉन्झा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावतं. कुर्वा ग्रांदे, दोन्ही लेस्मो आणि पॅराबोलिका ही सगळी उजवी वळणं, डावं म्हणावं असं एक वियालोने. त्यामुळे डावे टायर जास्त तापतात आणि त्यांचा थंड दाब उजव्यांपेक्षा एखाद पीएसआय कमी लागतो. कोणता टायर किती हे सहाव्या लॅपच्या शेवटी, पॅराबोलिकाच्या आधीच्या सरळ रस्त्यावर वाचा. कोपऱ्यातून बाहेर पडल्या पडल्या वाचलेला आकडा चढा असतो.

दाब बरोबर आल्यावरही डावा मागचा लॅपमागे लॅप वाढतच राहिला, स्थिरावलाच नाही, तर दोष दाबाचा नाही. लेस्मोच्या बाहेर तुम्ही ॲक्सिलरेटर लवकर दाबताय आणि चाक फिरतंय. दाब आणखी उतरवून ते झाकू नका.

शेवटी बायस

आता क्लच दाबून ब्रेक मारायची तीच चाचणी पुन्हा करा, टायर गरम असताना. दर वेळी पेडल थोडं जास्त दाबा आणि कुठलं चाक आधी लॉक होतं ते रिप्लेमध्ये बघा. बायस एकेक टक्क्याने हलवा. समजा ५६ ला मागचं आधी लॉक होतं आणि ५८ ला पुढचं, तर समतोल ५७ च्या आसपास आहे. क्लच सोडून चालवताना इंजिनची थोडी ओढ मागे राहणारच, म्हणून समतोलापेक्षा एक टक्का पुढे, म्हणजे ५८ वर ठेवा. दोन टक्के ही माझी मर्यादा. त्याहून जास्त पुढे न्यावंसं वाटलं तर गिअर किंवा पाय तपासा.

इथे एक गोष्ट उलटी वाटते. पकड कमी असेल तर पुढची चाकं आधी लॉक होतात. स्थिर असताना या गाडीचा बराच भार मागे असतो. समजा पुढे ४० टक्के आहे आणि १ जीने ब्रेक मारल्यावर तो ५३ होतो. टायर थंड असून ०.८ जीच मिळत असेल तर तो ५० च्या आसपासच राहतो. पुढे वजन कमी येतं, ब्रेकचा वाटा मात्र तेवढाच, म्हणून पुढचं चाक लॉक होतं. पहिल्या लॅपला पुढचं लॉक झालं म्हणून बायस मागे घेऊ नका. टायर गरम होताच तोच बायस तुम्हाला पॅराबोलिकाला उलटा फिरवेल. पहिल्या लॅपला पाय हलका ठेवा, तेवढं पुरे.

उजवं पुढचं चाक पॅराबोलिकाच्या तोंडाशीच धूर काढत असेल, तर तिथे वळता वळता ब्रेक जास्त वेळ धरला जातोय. ते आतलं चाक, वळताना त्यावरचा भार जातो. यासाठीही बायस हलवायचा नाही, पेडल थोडं आधी सोडायला लागायचं.

शर्यतीसाठी हे सगळं अर्ध्या टाकीवर जुळवा. १०० लिटर इंधन म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो, आणि गाडी जेमतेम पाचशे किलोची. भरल्या टाकीवर ब्रेकिंगचं अंतर लांबतं आणि सरळ रस्त्याच्या शेवटी पाचव्यात शंभर-एक आरपीएम कमी दिसतात, त्यामुळे तिसऱ्या लॅपला घाबरून पाचवा आखूड करायचा विचार सोडून द्या. इंधन मोजतानाही फार काटकसर नको: १९६७ च्या इटालियन ग्रां प्रीमध्ये क्लार्कने पंक्चरमुळे गमावलेला आख्खा लॅप भरून काढला, पुन्हा पुढे गेला आणि शेवटच्या लॅपला इंजिनला इंधन मिळेना. शर्यत सर्टीसने होंडावर जिंकली. ती शर्यत ६८ लॅपची होती. तुम्ही दहा लॅपची करत असाल तर एका लॅपचं इंधन जादा टाका आणि दाब त्याच वजनावर, सलग दहा लॅप करून, एकदा पुन्हा वाचा.